नुसता फोटो

जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती, पण सिस्टरने डबा उघडा ठेवूनच समोरचा मेसेज उघडला आणि पडदाभर कातडी पसरली. लाल, सुजलेली. त्यावर फोडांचे घोस, काही फुटून पिवळ्या पाण्याने चिकट झालेले आणि त्या सगळ्यावर पांढरं काहीतरी थापून वाळलेलं. खाली तीनच शब्द होते : हे काय आहे?

तिने डबा बंद केला.

पंधरा वर्षं तिने वॉर्डात काढली होती. जखमा धुतल्या, पू काढला, कधी नाक मुरडलं नाही. तिथे कातडीला माणूस जोडलेला असायचा. गुडघे गेले म्हणून तिने ही आरोग्य सल्ल्याची बसून करायची नोकरी धरली आणि इथे येऊन तिला शिसारी यायला लागली. इथे माणूस दिसतच नव्हता.

शेजारच्या टेबलावरची मावशी, या नोकरीत तिच्याहून दोन वर्षं जुनी, वाकून बघत म्हणाली, "ईऽ. मिटव ते आधी. मला जेवायचंय."

"मिटवून कसं चालेल? उत्तर द्यायचंय."

नियम साधा होता. फोटोवरून आजाराचं नाव सांगायचं नाही, औषध सांगायचं नाही. तिने लिहिलं : "फोटोवरून नक्की सांगता येत नाही. हे कुणाला झालंय, वय काय, अंगावर कुठे आहे, कधीपासून? खाज आहे की दुखतं? ताप आहे का? वर काही लावलंय का?"

उत्तर आलं : "तुम्ही फक्त काय आहे ते सांगा. लागण होते का?"

पेशंट कसा आहे ते नाही, आधी लागण. सिस्टरने दात आवळले आणि तेच प्रश्न पुन्हा पाठवले.

या खेपेला उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. आईला. सत्तर. कपाळावर. परवापासून. आग होते म्हणते. टूथपेस्ट तिनेच लावली.

"एकाच बाजूला आहे का? डोळ्याजवळ किंवा नाकावर फोड आहेत? डोळा लाल आहे, कमी दिसतं का?"

"माहीत नाही. फोटो दारातून झूम करून काढलाय."

"जवळ जाऊन बघा."

"जाववत नाही. किळस येते. वास पण येतो. ताट दाराशी ठेवतो."

सिस्टरने खुर्ची मागे सरकवली. त्या फोडांपेक्षा आता हे वाचून तिला जास्त शिसारी आली. "मावशी, हे बघ. आईला ताट दाराशी ठेवतोय."

मावशीने वाचलं. "मेल्याला चांगलं सुनाव."

सुनावायची फार इच्छा झाली, पण खाली टाइप होत असल्याचे ठिपके हलत होते. "बायकोला सातवा महिना आहे. म्हणून विचारलं."

सिस्टर थोडी निवळली. थोडीच. बायकोची काळजी खरी होती, पण किळसही खरीच होती आणि दोन्ही त्याने एकाच दाराआड कोंडल्या होत्या. तिने लिहिलं : "अशा पुरळाची कारणं बरीच असतात, त्यातली काही संसर्गाची. फोडांच्या पाण्याचा स्पर्श टाळा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. बायकोला आईपासून लांब ठेवा, तिला कांजिण्या झाल्या होत्या का ते विचारा आणि तिच्या डॉक्टरांना आजच कळवा. तुम्हाला झाल्या होत्या?"

उत्तर आलं : "हो. दुसरीत असताना. आईच्या मांडीवर झोपून होतो दहा दिवस."

सिस्टरने लिहिलं : "मग हातमोजे घाला आणि आत जाऊन डोळा बघा."

चार मिनिटांनी दुसरा फोटो आला. या वेळी चेहरा होता. कपाळाची एकच बाजू भरलेली, नाकाच्या शेंड्यावर दोन फोड, त्याच बाजूचा डोळा सुजून लाल आणि दुसरा डोळा थेट कॅमेऱ्यात बघणारा, ओशाळलेला, आपल्या घाणीचा फोटो निघतोय म्हणून. आजाराचं नाव सिस्टरच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं.

"दुखणारे फोड डोळ्याजवळ किंवा नाकावर असले आणि डोळा लाल असला, तर वाट बघायची नसते. आत्ताच डोळ्यांचे डॉक्टर असतील अशा दवाखान्यात न्या. काही आजारांत औषध पहिल्या दोन-तीन दिवसांतच जास्त उपयोगी पडतं. पेस्ट खरवडू नका, दुसरं काही लावू नका."

"नाव तरी सांगा."

"ते तपासून डॉक्टर सांगतील. निघा."

"बरं. तिचा हात धरून न्यावं लागेल ना?"

"धरावा लागेल," तिने लिहिलं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला : "नागीण आहे म्हणाले. गोळ्या सुरू. डोळा वाचेल म्हणतात." खाली सेवेबद्दलचा अभिप्राय होता. पाचपैकी दोन तारे. 'नुसते प्रश्न विचारतात, फोटो पाठवूनही आजार सांगत नाहीत.'

"दोन?" मावशी म्हणाली. "तेही जास्तच दिलेत म्हण."

सिस्टरने डबा उघडला. भाजीवर तेलाचा तवंग आला होता. तिने दोन घास खाल्ले आणि उरलेलं टाकून दिलं.