वहीतली नव्वद शून्यं

लाँड्रीच्या बॉयलरशेजारी एक खोली होती. खोली म्हणायचं ते मोठ्या मनाने. आत दोन माणसं एकदम वळली तर तिसऱ्याने बाहेर जावं, असा प्रकार. तिथे एक ब्यूरेट, एक पांढरी फरशी, चार-पाच बाटल्या आणि आमची थेंबताई एवढा संसार होता. थेंबताई हे नाव बॉयलरवाल्या काकांनी ठेवलेलं, कारण ही बाई सकाळी सकाळी ब्यूरेटच्या काचेच्या नळीतून थेंब सोडत पाण्यातले क्षार मोजत बसायची आणि त्यावरून बॉयलर पेटवायचा की नाही ते सांगायची.

आज तिच्या नोकरीच्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत पर्मनंट, नाहीतर घरी. आईने तर सकाळीच आत्याला फोन करून “झालीच समज” असं सांगून टाकलं होतं, त्यामुळे घरी जायचीही सोय उरली नव्हती.

आणि नेमके आजच हेड ऑफिसचे तपासनीस आले. कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी थेंबताईची वही उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर शेवटपर्यंत गेले.

“शून्य,” ते म्हणाले. “शून्य, शून्य, शून्य. नव्वद दिवस शून्य?”

“हो साहेब. क्षार काढून मऊ केलेलं पाणी आहे ना.”

“मऊ असेल हो. पण रोज शून्य? माझं वजनसुद्धा रोज सारखं भरत नाही. मॅडम, घरबसल्या शून्य लिहायला मलाही येतं. खरं सांगा, पाणी तपासता तरी का?”

थेंबताईला वाटलं, नोकरी गेलीच. त्याच वेळी तिला भयंकर हसूही यायला लागलं, आणि ते तिने खोकला काढून दाबलं. नव्वद दिवस डोळ्यांत तेल घालून थेंब मोजले, आणि पाणी चांगलं निघालं हाच गुन्हा! रोज खोटे तीन-चार आकडे इकडेतिकडे लिहिले असते, तर या गृहस्थांनी पाठ थोपटली असती.

“साहेब, तुम्हीच नमुने आणा,” ती म्हणाली. “दोन बाटल्या. एकीत नळाचं कच्चं पाणी, दुसरीत सॉफ्टनरमधून मऊ होऊन निघालेलं. कुठलं कुठे ते मला सांगू नका. मी दोन्ही तपासते.”

काकांनी कपाळावर हात मारला. “पोरी, आपणहून कशाला फास अडकवून घेतेस?”

पण तपासनीस खूश झाले. स्वतः दोन बाटल्या घेऊन गेले, स्वतः भरून आणल्या, एकीवर क, एकीवर ख लिहिलं, आणि उत्तराची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. वर ते खोलीत उभे राहून नजर ठेवणार होते. तेवढ्यात थेंबताईने नमुन्यात घालायच्या बफरची बाटली उघडली. त्यात अमोनिया असतो. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते नाकाला रुमाल लावून जे बाहेर पळाले ते दाराबाहेर पाठ करूनच उभे राहिले.

क. तिने पन्नास मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घेतलं, बफर घातला, चिमूटभर रंग दाखवणारा इंडिकेटर टाकला. पाणी गडद लाल झालं. ब्यूरेटमधून ईडीटीए सोडत ती फ्लास्क फिरवत राहिली. ईडीटीए पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम एकेक करून पकडतो, आणि शेवटचा कणही इंडिकेटरच्या हातून सुटला की रंग बदलतो. लाल, लाल, जांभळट, अजून एक थेंब, निळं! १५.६ मिलिलिटर. तिच्या द्रावणाला वीसने गुणायचं: लिटरला ३१२ मिलिग्रॅम क्षार, सगळे कॅल्शियम कार्बोनेट धरून. हे कच्चं पाणी, आंधळ्यानेही सांगितलं असतं.

म्हणजे ख हे मऊ पाणी. इंडिकेटर पडताच ते थेट निळं होणार आणि ईडीटीएचा एक थेंबही लागणार नाही. ती मनातल्या मनात नाचायलाच लागली होती. तिने चिमूट टाकली.

पाणी लालसर झालं.

थेंबताईने डोळे मिटले, उघडले. लालसरच. ईडीटीए सोडला, आठव्या थेंबाला निळं. ०.४ मिलिलिटर. पुन्हा नवीन पाणी घेतलं, पुन्हा ०.४. औषधांचाच दोष असेल म्हणून नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊन पाहिलं. ते मेलं पहिल्या चिमटीलाच निळंशार! म्हणजे औषधं ठीक, हात ठीक. हिशेब सरळ होता: आठ.

बाहेर साहेबांची पाठ होती. खोलीत कुणी नव्हतं. ख म्हणजे मऊ पाणी हे तिला कळलं होतं, वहीत नव्वद शून्यं होती, आणि एक्याण्णवावं लिहिलं की नोकरी पक्की. आठ लिहिलं, तर मागची सगळी शून्यं खोटी ठरणार. वर बॉयलरला पाचाच्या पुढे चालत नाही, म्हणजे तोही बंद. तिने पेन उचललं. तिला स्वतःचा इतका राग आला की बोलायची सोय नाही, कारण हात शून्याकडे वळतच नव्हता.

“क तीनशे बारा,” ती दारात येऊन म्हणाली. “ख आठ.”

“आठ?” काका ओरडले. “अगं, मग बॉयलर बंद करू का मी?”

तपासनिसांनी चिठ्ठी उघडली. “ख सॉफ्टनरचं आहे. तुमच्या वहीप्रमाणे शून्य यायला हवं होतं.”

“हो साहेब.”

“आणि आलं आठ.”

“आठच आलं. दोनदा.” तिच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. “साहेब, बाटली कशी भरलीत?”

“स्वच्छ! आधी नळाखाली चांगली विसळली. मी अस्वच्छ काम करत नाही.”

थेंबताई बघतच राहिली. “नळाखाली? कच्च्या पाण्याने? आणि मग?”

“मग उपडी केली, सुलटी केली, भरली.”

“आता तश्शीच विसळून दाखवा.”

साहेबांनी तितक्याच टापटिपीने बाटली विसळली, उपडी केली, सुलटी केली. थेंबताईने तळाशी उरलेलं पाणी मोजपात्रात झटकून झटकून काढलं. सहा मिलिलिटरच्या थोडं वर. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत तीनशे बाराचं एवढं पाणी राहिलं, तर किती होतात? तिने पाटीवर मांडलं. जवळजवळ आठ! ती टुणकन उडीच मारणार होती, पण खोलीत जागा नव्हती.

“बाटली नेहमी ज्या पाण्याची तपासणी, त्याच पाण्याने तीनदा विसळायची असते,” ती एका दमात म्हणाली आणि सॉफ्टनरकडे धावली. या वेळी साहेब अमोनियाची पर्वा न करता डोळे पुसत शेजारी उभे राहिले. चिमूट पडली. पाणी निळं, पहिल्या क्षणापासून निळं.

“ईडीटीए घालायचाय अजून?” ते कुजबुजले.

“घालायचाच नाही. हेच शून्य.”

काकांचा जीव भांड्यात पडला आणि ते बॉयलरकडे पळाले. तपासनीस मात्र फ्लास्ककडे न बघता तिच्याकडे बघत होते.

“मी बाहेर पाठ करून उभा होतो. तुम्ही शून्य लिहिलं असतं, तर मला काय कळलं असतं?”

“काहीच नाही.”

“आणि तुम्हाला कळलं होतं ख कुठलं आहे ते?”

“कळलं होतं.”

“मग आठ का सांगितलंत?”

थेंबताईने फ्लास्क धुवायला घेतला. “आठ आलं म्हणून,” ती म्हणाली.

साहेबांनी वही पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून एकेका शून्यापुढे सही करायला लागले. नव्वद सह्या. तिसाव्या सहीला पेन संपलं, तर तिचं मागून घेतलं. शेवटी त्यांनी तिचा कायम करायचा कागद काढला, सही केली आणि तो तिच्यासमोर ठेवला. “इथे तुमची.”

थेंबताईने आपलंच पेन त्यांच्याकडून परत मागून घेतलं, आणि सही करता करता ती हसत हसत रडायला लागली.