नवेपणाचा दाखला

मिस्त्रींना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे आपण जुने आहोत. त्यांच्या वर्कशॉपच्या पाटीवर नावापेक्षा स्थापनेचं साल मोठं होतं. गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की ते वाद घालत नसत, नुसतं त्या सालाकडे बोट दाखवत आणि पुन्हा वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढत. गेट आणि खिडक्यांचे गज यापलीकडे त्यांनी काही बनवलं नव्हतं, ते बायको अंथरुणाला खिळेपर्यंत.

मग त्यांनी तिच्या पलंगाला एक चौकट बसवली. दोन्ही बाजूंना दोन रूळ, मध्ये ताणलेली चादर. हँडल फिरवलं की चादर एका रुळावर गुंडाळली जाई आणि माणूस आपोआप कुशीवर वळे. गजांच्याच लोखंडाची होती, त्यामुळे वजन बेफाट आणि आवाज भयंकर. बायको म्हणायची, "मला वळवताय की दुकानाचं शटर उघडताय?" वर मध्येच हँडल सुटायचं आणि ती बिचारी घरंगळत परत पाठीवर यायची. ती गेली तेव्हा चौकट माळ्यावर गेली.

ती खाली काढली सुनेने. सून यंत्रांची इंजिनिअर, आणि सासूला शेवटी रोज तीच वळवायची. तिने चौकट हलकी केली, कुठल्याही पलंगाला पकडेल असा चाप लावला, आणि हँडल सुटलं तरी रूळ उलटा फिरू नये म्हणून त्यात खटका बसवला. त्या खटक्यासाठी पेटंटचा अर्ज केला, नर्स असलेल्या मैत्रिणीला सोबत घेतलं आणि दोघींनी कंपनी नोंदवली. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मिस्त्रींनी ते हातात घेऊन मागूनपुढून बघितलं आणि तारखेवर नाराज झाले. इतकी अलीकडची तारीख लोकांना दाखवायची तरी कशी?

तेवढ्यात सरकारी इस्पितळाची निविदा निघाली. त्यांना अशाच चौकटी हव्या होत्या. पण अट होती: मागच्या वर्षांची उलाढाल दाखवा, आधी असा माल पुरवल्याचा अनुभव दाखवा, आणि अनामत रक्कम भरा. कंपनीकडे यातलं काहीच नव्हतं. सुनेने नोकरी सोडली होती, आणि दुसरं गिऱ्हाईक क्षितिजावरही दिसत नव्हतं.

औषधांच्या दुकानाच्या माडीवर सीएचं ऑफिस होतं. तो म्हणाला, घाबरू नका, स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता घ्या. या निविदेतच लिहिलंय, मान्यता असलेल्यांना अनामत माफ, आणि मालाचा दर्जा ठीक असेल तर उलाढाल आणि अनुभवाचीही सूट. पेटंटची फीसुद्धा कमी होते. मिस्त्रींनी विचारलं, मग टॅक्सही माफ ना? सीए म्हणाला, नाही काका, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी समिती, ते पुढचं पुढे. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू टॅक्स त्यानेच लावला होता.

अर्ज ऑनलाइन होता आणि त्याला फीही नव्हती, याचा मिस्त्रींना संशयच आला. नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं, दोघी संचालकांची माहिती भरली, वेबसाइटचा पत्ता दिला. राहिला नावीन्याचा रकाना. तो सीएने भरला: क्रांतिकारी, जागतिक दर्जाचं, आरोग्यक्षेत्राचा चेहरामोहरा बदलून टाकणारं. चौकट हा शब्द कुठेच नव्हता.

थोड्याच दिवसांत अर्ज परत आला. दोन शंका होत्या. एक, तुमचं उत्पादन बाजारातल्या इतर उत्पादनांपेक्षा नेमकं वेगळं कसं, ते कळत नाही. ही सीएच्या भाषेची करणी. दुसरी वाचताना सून थांबली. वेबसाइटवरून तुमचा व्यवसाय कित्येक दशकं जुना दिसतो. जुन्याच धंद्याची फेररचना करून काढलेल्या कंपनीला ही मान्यता मिळत नाही, तरी खुलासा करावा.

तिने तिथेच वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर वर्कशॉपचा फोटो, त्यात मिस्त्री हाताची घडी घालून उभे, आणि खाली ठळक अक्षरांत: विश्वासाची जुनी परंपरा, स्थापना अमुक साली.

वेबसाइट करणाऱ्या बाईंना मिस्त्रींनी परस्पर फोन केला होता. सुनेला नवखी समजून कोणी फसवू नये, एवढाच हेतू.

सीए म्हणाला, "काका, लोक जुनेपणा लपवायला धडपडतात. तुम्ही जाहिरात केलीत."

"मग काय, कालच जन्मलो म्हणून सांगू?"

"हो. सरकारला तेच ऐकायचंय."

सुनेने आवाज चढवला नाही, आणि मिस्त्रींना तेच जास्त लागलं. निविदेची मुदत संपत आली होती. सीएने एकेक विचारून घेतलं. वर्कशॉप बंद झालंय का? नाही, गेटचं काम चालूच आहे. मशिनं कंपनीला दिलीत? नाही, कंपनी चौकटीचं काम दुसरीकडून करून घेते. कामगार, गिऱ्हाईकं? एकही नाही. मग तसं वर्कशॉपच्या लेटरहेडवर लिहून द्या, तो म्हणाला, की या कंपनीशी माझ्या धंद्याचा काडीचाही संबंध नाही.

मिस्त्रींनी पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. पहिली चौकट त्यांनी जोडली होती. हाताला चटके बसले होते ते त्यांच्या.

"म्हणजे माझा काही संबंध नाही," ते म्हणाले.

"तुमचा आहे, बाबा," सून म्हणाली. "वर्कशॉपचा नाही."

त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला.

नावीन्याचा रकाना सुनेने नव्याने लिहिला. माणसाला कुशीवर वळवायला दोघं लागतात. विजेवर चालणारे पलंग महाग. ही चौकट घरच्या पलंगाला बसते, एकटं माणूस एका हाताने फिरवू शकतं, आणि खटक्यामुळे रोगी मागे घसरत नाही. सोबत व्हिडिओ जोडायचा होता. रोगी कोण होणार? मिस्त्री आपणहून पलंगावर आडवे झाले.

रोग्याने बोलायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. पहिल्या वेळी ते म्हणाले, हळू. दुसऱ्या वेळी म्हणाले, खटका ऐकू येतोय, छान बसलाय. तिसऱ्या वेळी मात्र गप्प राहिले. पाठीवर पडलं की छताखेरीज काही दिसत नाही, हे त्यांना आज कळत होतं. सुनेने हँडल फिरवलं, ते सावकाश कुशीवर आले, आणि समोर खिडकी आली. व्हिडिओत त्यांचे डोळे पाणावलेले दिसतात. नर्स म्हणाली, राहू दे, रोगी खरा वाटतोय.

वेबसाइटवरून फोटो उतरला, खुलासा गेला, आणि मान्यतेचं प्रमाणपत्र निविदेच्या मुदतीच्या जेमतेम आधी आलं. सुनेने ते जोडून निविदा भरली.

इस्पितळाने बोलावलं तेव्हा चौकट उचलायला म्हणून मिस्त्रीही गेले. भांडार विभागातल्या लांब टेबलामागे खरेदी अधिकारी बसले होते. बाजूच्या बाकावर एका मोठ्या कंपनीचे दोन टायवाले. अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि मान वर केली. सून मोबाइलवर काहीतरी शोधत होती, म्हणून त्यांची नजर मिस्त्रींच्या पांढऱ्या मिशांवर जाऊन थांबली.

"या कामाचा अनुभव किती?"

सुनेचा हात जागच्या जागी थांबला.

मिस्त्री उठून उभे राहिले. सदरा खाली ओढून सारखा केला.

"अजिबात नाही, साहेब," ते छाती काढून म्हणाले. "आम्ही अगदी नवीन आहोत. तसा दाखला आहे आमच्याकडे."

टायवाल्यांपैकी एक हसला. अधिकाऱ्यांनी दाखला बघितला, अनुभवाच्या रकान्यात सूट असं लिहिलं आणि पान उलटलं.

"दर्जाला मात्र सूट नाही," ते म्हणाले. "वॉर्डात पलंग रिकामा आहे. बसवून दाखवा."

मिस्त्रींनी चौकटीचं एक टोक धरलं, सुनेने दुसरं, आणि दोघं वॉर्डाकडे निघाली.