छोट्या बाथरूमसाठी गीझर

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणत. पंडित मराठीचा एम.ए. होता आणि झाडू, कुकर, इस्त्र्या, पायपुसणी यांवर लिहीत असे. इतके वाचक त्याच्या वर्गातल्या एकाही कवीला मिळाले नव्हते.

ऑनलाइन विकायच्या मालाची माहिती कंपन्यांकडून इंग्रजीत यायची. भाषांतराच्या यंत्रातून ती मराठीत काढली की 'हे उत्पादन आपल्या आनंदास समर्थन देते' असलं काहीतरी बाहेर पडायचं, आणि लहान गावातलं गिऱ्हाईक घाबरून पुढे सरकायचं. पंडितने ते माणसांत आणायचं: एक शीर्षक, पाच मुद्दे. बाकीच्या चार भाषांचे लेखक पंडितच्या मराठीवरून आपापलं लिहीत. मूळ इंग्रजी उघडण्यात वेळ जातो, असं ऑफिस चालवणाऱ्या मॅडमचं मत होतं.

गॅस गीझर आला तेव्हा लोक काय टाइप करून शोधतात, ते मॅडमनी आधीच काढून ठेवलं होतं. सगळ्यांत वर होतं, 'छोट्या बाथरूमसाठी गीझर'. पंडितने ते शब्द जसेच्या तसे शीर्षकात घातले आणि पहिल्या मुद्द्यात लिहिलं, 'लहानशा न्हाणीघरातही आरामात बसतो.' मुद्दे सहा होत होते. इंग्रजीतला शेवटचा, म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा हा, जरा रुक्ष वाटत होता. तो उडाला. गीझरचा खप असा वाढला की मॅडमनी चहा स्वतःच्या हाताने आणून दिला.

एके सकाळी मावशीचा फोन आला.

"बाळ्या, नाव काढलंस हो! तू मागे दाखवलेल्या दुकानात तू लिहिलेलं वाचून गीझर घेतला. पहिल्यांदाच मोबाइलवरचं सगळं समजलं बघ, कुणाला विचारावं लागलं नाही."

"कसला गीझर?"

"गॅसचा. न्हाणीघरातच बसवला. मिस्त्री म्हणत होता, बाहेर बसवू. मी म्हटलं, गप रे, माझ्या भाच्याने लिहिलंय."

पंडितच्या हातातला कप टेबलावर कलंडला. गीझरचा गॅस जळताना न्हाणीघरातली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो, त्याला ना रंग ना वास, हे त्याला माहीत होतं. इंग्रजीत वाचलं होतं.

"मावशी, गीझर चालू आहे का आत्ता?"

"म्हणजे काय! काका आत आहेत. मघाशी मोठ्याने गात होते, आता गप्प आहेत. सुटलो म्हटलं."

"दार ठोक."

"अंघोळ करू दे की रे माणसाला."

"मावशी, दार ठोक! गॅसचा कॉक बंद कर! शेजाऱ्यांना हाक मार!"

त्याचा आवाज ऐकून सगळं ऑफिस उभं राहिलं. फोनमधून दारावरच्या थापा ऐकू आल्या. मग "अहो, अहो ऐकलंत का," आणि मग नुसतं "अहो." चाळीस वर्षांच्या संसारात मावशीने काकांना इतक्या हळू आवाजात हाक मारली नसेल. आतून उत्तर आलं नाही. कडी आतून होती. कुणाचे तरी जड पाय धावत आले, लाकूड मोडल्याचा आवाज आला, आणि फोन बंद पडला.

पंडित पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. बेल वाजत राहिली.

"मॅडम, गीझर काढा. विक्री बंद करा."

"एक मुद्दा बदल ना. संध्याकाळपर्यंत मजकूर मंजूर होईल."

"संध्याकाळपर्यंत लोक अंघोळ करतील, मॅडम."

मॅडमनी स्वतःच विक्रेत्याचं पान उघडलं आणि शिल्लक मालाच्या रकान्यात शून्य भरलं. आता नवा कुणी घेणार नव्हता. घेतलेल्यांचं काय? त्यांचे नंबर दिसत नव्हते. ऑर्डरखालच्या चौकटीतून निरोप तेवढा पाठवता येत होता.

पंडितने निरोप लिहायला घेतला. मोठं शीर्षक नाही, मुद्दे नाहीत. 'गीझर न्हाणीघरात बसवला असेल तर आत्ता बंद करा. जीव जाऊ शकतो. आधी लिहिलेलं चूक होतं.' बाकीच्या चौघांनी आपापल्या भाषेत तेच लिहिलं. पहिल्यांदाच कुणी शब्दांची लांबी मोजली नाही.

निरोप जात असतानाच फोन वाजला. मावशीच होती.

"बाहेर अंगणात निजवलंय त्यांना. डोळे उघडलेत. डॉक्टर येतोय." ती रडत होती. "बाळ्या, तू तर लिहिलं होतंस रे…"

"हो मावशी."

"मग मिस्त्रीला कसं कळलं?"

पंडित पडद्याकडे बघत राहिला. निरोपांपुढे एकेक करून 'वाचला' असं उमटत होतं. पुष्कळ निरोपांपुढे काहीच नव्हतं. ते लोक कामावर असतील, असं मॅडम म्हणाल्या. किंवा झोपले असतील.

अंघोळीला गेले असतील, असं कुणीच म्हणालं नाही.