बाकाचा पाय आणि ओव्हनचं घड्याळ

वाळूजच्या एमआयडीसीत रामकिसन साळवे यांची पावडर कोटिंगची शेड आहे. बावीस वर्षं तिथं एकाच तऱ्हेचं काम झालं. एक कंपनी दुचाकीचे पत्र्याचे ब्रॅकेट पाठवायची, पावडरही तीच पाठवायची. रामकिसन ती पावडर फवारायचे, ब्रॅकेट ओव्हनमध्ये भाजायचे आणि परत करायचे. स्वतः पावडर विकत घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ती वेळ वेरूळच्या नानासाहेबांनी आणली. लेण्यांच्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे. बागेतली साठ लोखंडी बाकं त्यांना नव्यानं रंगवून हवी होती. पहिल्यांदा त्यांनी ती दुसरीकडून करून घेतली होती. वर्षभरात उन्हानं रंगाची चमक गेली आणि बाकावर बसलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांना हिरवी भुकटी लागायला लागली.

"मला तोंडी भरवसा नको," ते शेडमध्ये उभे राहून म्हणाले होते. रंग उतरवलेला बाकाचा एक पाय त्यांनी टेबलावर ठेवला. "हा रंगवून दाखवा. पावडर कोणती, तिचा कागद दाखवा. शनिवारी येतो. पटलं तर साठही तुमची, नाही तर मी पुण्याला देतो."

रामकिसन यांची मुलगी करुणा डिप्लोमा करून तीन वर्षांपूर्वी शेडमध्ये आली होती. हे काम मिळालं तर शेडच्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलंच ठरणार होतं. तिनं त्याच संध्याकाळी पुण्याजवळच्या एका पावडर उत्पादकाला ई-मेल लिहिला. बाहेर उन्हात राहणाऱ्या लोखंडासाठी पॉलिएस्टर पावडर, गडद हिरवा रंग, पहिली ऑर्डर शंभर किलोच्या आसपास. त्याआधी एक किलो नमुना आणि त्याच पावडरचं तांत्रिक माहितीपत्रक पाठवावं. नमुन्याच्या पुडीवर कोड आणि बॅच नंबर असावा, असंही तिनं लिहिलं.

"एवढं कशाला मागतीस?" रामकिसन म्हणाले. "भाजीवाल्याकडं मेथीचं माहितीपत्रक मागतो का आपण?"

"मेथी दहा वर्षं उन्हात ठेवायची नसते, बाबा."

माहितीपत्रक दुसऱ्याच दिवशी आलं. करुणानं वरचा कोड पाहिला आणि ते परत पाठवलं. ते घरातल्या फर्निचरसाठीच्या पावडरचं होतं. त्या मिश्रणात इपॉक्सी असतं आणि उन्हात त्याचीच भुकटी होते. तासाभरात उत्पादकाच्या तांत्रिक विभागातून प्रेरणा देशमुख यांचा फोन आला. विक्रीवाल्यांनी चुकीची फाइल जोडली, माफ करा, म्हणाल्या, आणि योग्य पत्रक पाठवलं. बुधवारी कुरिअरनं एक किलोची पुडी आली. पुडीवरचा कोड आणि पत्रकावरचा कोड सारखाच होता.

रामकिसन यांनी त्याच दुपारी आधी पत्र्याचा एक तुकडा रंगवला. ओव्हन एकशे नव्वद अंशांवर, पंधरा मिनिटं. बावीस वर्षांचा हाच हिशेब होता. तुकडा गार झाल्यावर करुणानं कापूस सॉल्व्हंटमध्ये भिजवून त्यावर पन्नास वेळा पुढं-मागं घासला. कापूस पांढराच राहिला, म्हणजे रंग पक्का भाजला होता.

"लई भारी पावडर हाय," रामकिसन खूश झाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी बाकाचा पाय धुऊन, तेल-गंज काढायच्या रसायनांच्या टाक्यांमधून काढून, त्याच पुडीतली पावडर त्याच गननं फवारली. एकशे नव्वद, पंधरा मिनिटं. बाहेर आलेला पाय डोळ्याला सुरेख दिसत होता. करुणानं कापूस घासायला घेतला. विसाव्या घासणीला कापूस हिरवा झाला, तिसाव्याला खालचं लोखंड दिसलं.

रामकिसन यांनी पाय उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पुडीत दोन पावडरी मिसळल्यात. वरची चांगली, खालची भंगार. या लोकांचं नावच घेऊ नको. दुसऱ्याकडं माग."

"शनिवारच्या आत दुसरीकडून नमुना येईल का?"

"मग नानासाहेबांना सांगू, जमत नाय."

करुणानं माहितीपत्रक उघडलं आणि प्रेरणा देशमुखांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. काय झालं ते तिनं क्रमानं सांगितलं: पत्रा पास, पाय नापास, पावडर एकच.

"पाय किती जाड आहे?" प्रेरणानं विचारलं.

"बारा मिलिमीटरची पट्टी आहे."

"आणि पत्रा?"

"एक मिलिमीटर."

"ओव्हनचं घड्याळ कधी लावता?"

करुणानं वडिलांकडं पाहिलं. रामकिसन फोनकडं वाकून म्हणाले, "दार लावलं की लावतो, मॅडम. दुसरं कधी लावणार?"

"काका, पत्रकात दुसऱ्या पानावर बघा. एकशे ऐंशी अंशांना पंधरा मिनिटं. त्याच्यापुढं लिहिलंय, धातूचं तापमान. ओव्हनमधल्या हवेचं नाही. पातळ पत्रा दोन-तीन मिनिटांत तापतो, म्हणून तुमचं निभावतं. जाड पट्टी सावकाश तापते. पट्टी एकशे ऐंशीला पोचली, की तिथून पंधरा मिनिटं मोजायची."

"म्हंजे पावडर कच्ची राहिली?"

"हो, काका. पोळीसारखं. वरून डाग पडले म्हणजे आतून शिजली असं नाही."

रामकिसन हसले. "व्हय, हे घरी रोज ऐकतो."

आता पट्टी किती वेळात तापते हे कळायला हवं होतं. शेजारच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमधल्या पुंजाराम यांच्याकडं धातूचं तापमान मोजायची थर्मोकपलची वायर आणि मीटर होतं. रामकिसन स्वतः मागायला गेले.

"बावीस वर्षांनी ताप मोजायला निघालास व्हय?" पुंजाराम म्हणाले.

"दे गप. संध्याकाळी आणून देतो."

पायाचा रंग उतरवून तो पुन्हा धुतला, पुन्हा फवारला. तळाशी बोल्टचं भोक होतं, त्यात वायरचं टोक घट्ट बसवलं. दुसरं टोक दाराच्या फटीतून बाहेर काढून मीटरला जोडलं. ओव्हन एकशे नव्वदवरच ठेवला. दार लावताना रामकिसन यांचा हात सवयीनं घड्याळाकडं गेला आणि थांबला. ते स्टूल घेऊन मीटरपुढं बसले. पाच मिनिटांनी आकडा होता ब्याऐंशी. दहा मिनिटांनी एकशे एकतीस. एकशे ऐंशी यायला बावीस मिनिटं लागली. तेव्हा त्यांनी घड्याळ लावलं.

गार झालेल्या पायावर कापूस रामकिसन यांनीच घासला. पन्नास झाल्यावर थांबले नाहीत, शंभरापर्यंत मोजत गेले. कापूस पांढरा होता.

शनिवारी नानासाहेब आले. त्यांनी पाय उन्हात नेऊन पाहिला, मग कापूस मागून घेतला आणि स्वतः घासला. करुणानं त्यांच्यापुढं पत्रक ठेवलं, पुडीवरचा कोड दाखवला.

"आणि भाजलं किती?" त्यांनी विचारलं. "मागच्यानं पंधरा मिनिटं सांगितलं होतं."

"पंधराच," रामकिसन म्हणाले. "पण लोखंड तापल्यापासून. दार लावल्यापासून सदतीस."

नानासाहेबांनी पुन्हा एकदा पायावरून बोट फिरवलं आणि बोटाकडं पाहिलं. "सोमवारी टेम्पो पाठवतो. वीस बाकं आधी घ्या, बाकीची मागनं."

ते गेल्यावर करुणा ऑर्डरचा ई-मेल लिहायला बसली. पावडरचा कोड, रंग, शंभर किलो. रामकिसन मागं उभे राहून वाचत होते.

"बॅच नंबर लिही. नमुन्याचीच बॅच मिळाली तर तीच द्या म्हणावं. नसंल तर नव्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मालाबरोबर पाठवा. आन आपल्या पायाशी रंग ताडून बघू, मगच डबा फोडू."

"पाय तर नानासाहेबांचा आहे, बाबा."

"शेवटच्या बाकाला लावू. तवर हितंच राहू दे." त्यांनी पाय ओव्हनशेजारच्या खिळ्याला टांगला.

दारात पुंजाराम उभे होते. "गुरुवारची संध्याकाळ झाली का नाय अजून? वायर दे माझी."

"नवीन मागवलीय," रामकिसन म्हणाले. "ती आली की देतो. बस, चहा घे."