तेल लावलेले बूट

माझ्या सासूबाई ठमाबाई म्हणजे बदलापुरातल्या आमच्या छोट्या हॉटेलाचं नाव, गाव आणि पत्ता. तांदळाच्या भाकऱ्या त्या थापतात, माशाचं कालवण त्या चाखतात, आणि गिऱ्हाईक काउंटरवर माझ्या नवऱ्याला, अल्पेशला, ‘आई आहेत ना आत?’ असं विचारून मगच खुर्ची ओढतं. मला याचा कधी कधी राग येतो, कारण आतलं बाकी सगळं मी बघते. पण भाकरी त्यांचीच, हे मीसुद्धा मान्य करते.

या बाई स्वयंपाकघरात अनवाणी वावरायच्या. चुलीपाशी पायतण न्यायचं नाही, हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूचं न ऐकण्याची पद्धत आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली. आता चुलीच्या जागी गॅसची भट्टी आली, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी टाइल आल्या. एका बाजूला तळण, दुसऱ्या बाजूला भांडी घासायची मोरी, मधल्या पट्ट्यात पाणी आणि तेलाचे शिंतोडे. मार्चमध्ये त्या तिथे सटकल्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी अल्पेशने सांगून टाकलं, की आता पुन्हा एकदा जरी पाय घसरला तरी आईने घरी बसायचं. तो प्रेमानेच बोलला, पण सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. सासरे गेल्यावर त्यांनी दोन स्टोव्हवर हे हॉटेल उभं केलं होतं. घरी बसवलं असतं तर त्या आठवड्याभरात आजारी पडल्या असत्या, हे मी लिहून दिलं असतं.

मग न घसरणारे बूट शोधायचं काम माझ्या अंगावर आलं. मी शहाणी, सरळ अंबरनाथला गेले. कारखान्यातल्या कामगारांचे बूट मिळतात त्या दुकानातून सगळ्यांसाठी जाडजूड बूट आणले: पुढे लोखंडी टोपी, खाली बोटभर खोल खाचा. ट्रॅक्टरच्या टायरसारखा तळ बघून मला वाटलं, आता कोण पडतंय. तिसऱ्याच दिवशी तळणावरच्या सुदामने बूट काढून माझ्यासमोर उलटे धरले. खाचांत पीठ, चिकट तेल आणि भाताची शितं घट्ट बसली होती.

“वहिनी, हे चिखलात चालायला ठीक आहेत. मातीत रुततात. इथं टाइलवर काय रुतणार, घंटा? उलट दहा तास उभं राहून माझ्या पोटऱ्यांची वाट लागली,” तो म्हणाला.

सुदाम कमी बोलतो आणि नेमकं बोलतो, म्हणून मला आवडतो. त्याचं म्हणणं होतं, की दुकानात कोरड्या फरशीवर चालून काहीच कळत नाही, आपली फरशीच दुकानात न्यायला पाहिजे. मला ते पटलं. आमच्या उरलेल्या टाइलपैकी एक मोठी पिशवीत घातली, बाटलीत पाणी, तेल आणि थोडा भांड्यांचा साबण हलवून घेतला, आणि सासूबाईंना घेऊन उल्हासनगरला गेले. मुद्दाम दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी गेले, कारण उभं राहून पाय सुजलेले असतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

दुकानदार सिंधी शेठ, वय झालेला. मी त्याच्या दुकानात टाइल मांडून वर तेल ओतलं तेव्हा त्याने आधी कपाळाला हात लावला. मग स्वतःच उठून टाइलखाली रबरी चटई सरकवली. पहिल्या जोडावर ‘घसरणार नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पण तळ कडक प्लास्टिकचा होता. सासूबाईंनी माझा दंड धरून एक पाय ठेवला आणि तो लगेच सरकला. दुसरा जोडही तसाच. तिसऱ्या वेळी शेठने आतून जोड आणला आणि मला तळात नख दाबायला सांगितलं. रबर मऊ होतं. तळाचा बराचसा भाग सपाट टेकणारा, त्यावर बारीक नक्षी, आणि नक्षीतल्या सगळ्या नाळी, म्हणजे बारीक खाचा, कडेपर्यंत मोकळ्या.

“दीदी, पानी-तेल को बाहर जाने का रास्ता चाहिये. रास्ता बंद, तो पैर तेल के ऊपर तैरेगा,” शेठ म्हणाला.

वरचा भाग अखंड, पुढून-मागून बंद, धुता येणारा. सासूबाई टाइलवर उभ्या राहिल्या. मी त्यांना हलकेच ओढून बघितलं. पाय जागचा हलला नाही. त्या लहान मुलीसारख्या हसल्या, आणि मला त्यांचं हसणं इतकं गोड वाटलं की मी आत काम करणाऱ्या सगळ्यांचे जोड तिथेच सांगून टाकले.

तरी चुलीचा प्रश्न राहिलाच. हॉटेलात आल्यावर त्या दारातच अडल्या. मी सांगितलं की हे बूट बाहेर कधी जाणारच नाहीत, रस्त्याची धूळ त्यांना लागणार नाही. त्या ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, “आई, दसऱ्याला तुम्ही कोयता पूजता, विळी पूजता. हेही अवजारच आहे, पायातलं.”

मग त्यांनी बुटांना हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि बूट पायात घातले. मी जिंकले म्हणून दिवसभर मिरवत होते.

दहा-बारा दिवस झकास गेले. मग एका दुपारी त्या मोरीपाशी सटकल्या. ओटा धरला म्हणून वाचल्या, पण नेमका अल्पेश खिडकीतून ताट घ्यायला वाकला होता. त्याने बघितलं. उद्यापासून आईने आत यायचं नाही, एवढंच बोलून तो काउंटरवर गेला. सासूबाई ओट्याला टेकल्या.

मी त्यांच्या पायातला बूट काढून उलटा केला. तळ चकचकीत होता आणि त्याला खोबरेलाचा वास येत होता.

“अवजार म्हणालीस ना?” त्या हळूच म्हणाल्या. “कोयत्याला रोज तेलाचा हात फिरवते मी. याला पन फिरवला. माझं काय चुकलं?”

मला रडू आलं आणि हसूही. चूक माझी होती. अवजार म्हणून मी सांगितलं, ते राखायचं कसं हे सांगितलंच नाही. मग गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन आम्ही दोघी मोरीवर बसलो. एकेक नाळ घासली, साबण पूर्ण जाईपर्यंत धुतलं, तळ वर करून बूट वाळत ठेवले. सुदामने फरशीही गरम पाण्याने घासून काढली. नंतर तीच टाइल, तेच तेल. पाय हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या कामाला लागल्या. अल्पेशला कळलं तसा तो तरातरा आत आला, आईचा हात धरून बाहेर न्यायला. त्याच्या पायात त्याच्या जुन्या, तळ झिजलेल्या चपला. तळणाजवळ नुकतंच तेल सांडलं होतं आणि सुदाम फडकं आणायला वळला होता. अल्पेशचा पाय पुढे गेला आणि बाकीचा अल्पेश मागे.

सासूबाईंनी पिठाच्या हातांनी त्याचा दंड पकडला. जड माणूस आहे तो, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या, तेलात, दोन्ही पाय रोवून. तो त्यांच्या खांद्यावर टेकून सावरला आणि खाली त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

“आता कोनाला घरी बसवायचं, बाळा?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळी अल्पेश मला म्हणाला, ती टाइल दे, मी उल्हासनगरला जाऊन येतो.

आता रोज रात्री हॉटेल बंद करताना सगळे आपापले बूट घासतात. अल्पेशचे मात्र त्याला घासू देत नाहीत. चुलीपाशी पायतण नको म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई मोरीवर बसून लेकाचे बूट मांडीवर घेतात, आणि एकेक नाळ ब्रशने साफ करतात.