पुसलेल्यांची यादी

पूनम आमच्या ऑफिसात आली ती गुरुवारी दुपारी, कंपनीच्या निळ्या शर्टातच. थेरगावात डांगे चौकाजवळ, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. कामगारांच्या खोलीवर महिन्याच्या बोलीनं डबे पोहोचवणारं ॲप आम्ही चालवतो आणि त्याचा डेटाबेस मी सांभाळते. गिऱ्हाईक कधी आमच्याकडे चढून येत नाही, म्हणून मीच उठले.

"माझं नाव तुमच्यातनं काढून टाका," ती म्हणाली. "सगळं. आजच."

खातं उघडलं होतं तिच्या नवऱ्यानं, पिंटूनं. तेव्हा ती दोघं दिघीला राहायची, म्हणून दुसरा नंबर त्याचा. दोन महिन्यांपूर्वी ती त्याला सोडून कुरुळीला आली, चाकणच्या एका कंपनीत लागली आणि डबा चालू राहावा म्हणून ॲपमध्ये नवा पत्ता टाकून बसली. नंतर तिच्या लक्षात आलं की त्याचा नंबर अजून तिथेच आहे. तो काढायला गेली, तर ओटीपी त्याच नंबरवर जाणार! असलं अक्कलशून्य काम आमच्याच लोकांनी केलेलं. लाज वाटली मला.

"त्यानं मागच्या वेळी हात मोडलाय माझा," तिनं सांगितलं, अगदी डब्यात मीठ कमी होतं असं सांगावं तसं.

तिच्या नंबरवर ओटीपी पाठवून तीच ती आहे याची खात्री केली आणि कामाला लागले. चालू सिस्टीममधून नाव, दोन्ही नंबर, पत्ता, ऑर्डरी, सगळं काढलं. बिलं कायद्यानं ठेवावी लागतात, त्यांत फक्त रक्कम आणि तारीख ठेवली. मग रिपोर्टांसाठीची प्रत. तिथे रोज पहाटे नवं आणि बदललेलं तेवढंच जातं. इकडे काय पुसलं ते त्या प्रतीला कळतच नाही. म्हणून तिथूनही हातानं काढलं.

"झालं? गेलं?" तिनं विचारलं.

"बॅकअपमध्ये आहे अजून. त्या सीलबंद प्रती असतात, त्यांतून एकाच माणसाला काढता येत नाही. पस्तीस दिवसांनी त्या आपोआप नष्ट होतात. तोवर तुमचा ग्राहक क्रमांक आम्ही पुसलेल्यांच्या यादीत ठेवतो. कधी बॅकअप परत चढवावा लागला, तर यादी बघून तुम्हाला पुन्हा पुसतो."

"म्हणजे मला विसरायला माझी आठवण ठेवणार?"

मी हसले. फार शहाणी समजत होते स्वतःला. जाताना ती म्हणाली, खाली जाऊन सिम बदलते, आता हा नंबरही बंद.

शुक्रवारी अकराला बोंब उठली. बुधवारी संध्याकाळी आमचा मालक सुजित यानं घाईत ॲपमध्ये जो बदल चढवला होता, त्यानं लोकांचे पत्ते एकमेकांत मिसळत चालले होते. मोशीचा डबा भोसरीला. दुरुस्त करण्यापलीकडे गेलं होतं, म्हणून बुधवार पहाटेचा बॅकअप चढवायचं ठरलं. तीन वाजता सिस्टीम उभी राहिली, रिपोर्टांची प्रतही तिच्यावरून नव्यानं भरली. मी पुसलेल्यांच्या यादीवरून पुन्हा पुसायची आज्ञा चालवली, सतरा नावं गेली, मी चहा मागवला.

सुजित म्हणाला, "वर्षाली, सगळ्यांना माफीचा मेसेज टाकू. खाली पत्ता लिहू, म्हणजे ज्याचा तो तपासून घेईल."

चांगली कल्पना, मीही म्हटलं. पाचला मेसेज सुटले.

पाच वाजून चार मिनिटांनी दुसऱ्या चहाचा कप हातात असताना मला आठवलं, काल पूनम धरून अठरा नावं झाली होती.

पुसलेल्यांची यादी मी त्याच डेटाबेसात ठेवली होती. बुधवारचा बॅकअप चढला, तशी यादीही बुधवारची झाली. पूनमला पुसलं गुरुवारी. चोरांची यादी चोरांच्याच घरात ठेवावी, तसा माझा कारभार. मी ओरडून मेसेज थांबवायला लावले. तिच्या खात्यावरच्या दोन्ही नंबरांना सुटले होते. तिच्या नंबरपुढे 'फोन बंद'. पिंटूच्या नंबरपुढे 'पोहोचला'.

तिचा नवा नंबर माझ्याकडे नव्हता. तिला गाठायचं तर एकच वाट होती, जो पत्ता पुसायचं वचन दिलं तोच वाचायचा. चहावाल्याच्या चिठ्ठीमागे तो उतरवला, मग तिला दुसऱ्यांदा पुसलं, इकडून आणि रिपोर्टांतूनही.

"तिचा क्रमांक यादीत घाल," मी सुजितला म्हटलं, "आणि यादी या डेटाबेसच्या बाहेर ठेव. आत्ता."

"अगं, पण तू कुठे..."

मी जिन्यात होते.

नाशिक फाट्यापासून पुढे गाड्या हलत नव्हत्या. स्कूटीवर बसून मी कंटेनरवाल्यांना, सिग्नलला, सुजितला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या देत होते. देवा, तो झोपलेला असू दे, त्याचा फोन फुटलेला असू दे, असलं काहीही मागत होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी कुरुळीत पोहोचले. पूनम दारात भांडी घासत होती. मला बघताच तिचे हात थांबले.

"परत आलं सगळं," मी म्हटलं. "माझी चूक. त्याला पत्ता गेलाय, पाच वाजता."

तिनं घड्याळ बघितलं. "साडेपाचला त्याची शिफ्ट सुटते. तोवर मोबाईल गेटवर जमा असतो." मग उठून आत गेली. पलंगाखाली पिशवी भरलेलीच होती.

"पोलिसांना ११२ लावू का?"

"आल्यावर काय सांगू त्यांना? डब्याचा मेसेज आला म्हणून?"

"माझ्या घरी चला. थोडे दिवस."

"नको ताई. तुमच्याकडे काही ठेवायचं नाही आता मला." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "खोली गेली त्याचं काही नाही. कुरुळी कळली म्हणजे चाकण कळलं. उद्यापासून कंपनीच्या गेटवर उभा राहील तो. पुढच्या महिन्यात पर्मनंट करणार होते मला."

मी माफी मागितली. ती ऐकायला थांबली नाही. चिठ्ठी मात्र माझ्या हातातून घेतली, फाडली आणि भांड्याच्या पाण्यात टाकली. घरमालकीण यशोदाबाईंच्या पाया पडली आणि रिक्षात बसली. कुठे चाललीस, असं ना त्यांनी विचारलं ना मी.

दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. मोटरसायकल गल्लीत शिरली. साधा, घामेजलेला माणूस, कंपनीचा पास गळ्यात तसाच.

"पूनम इथंच राहते ना?"

"न्हाई बा," यशोदाबाई म्हणाल्या. "अशी कोन बी न्हाई हितं."

"असं कसं, मावशी? डब्याच्या कंपनीनंच कळवलंय." त्यानं फोन पुढे केला. वर आमचा हसणारा डबा, खाली माफी, त्याखाली गल्ली, खोली, घरमालकिणीचं नावसुद्धा. किती नीट लिहिलं होतं आम्ही!

"मी त्याच कंपनीत आहे," मी म्हटलं. "पत्ते चुकलेत आज लोकांचे. या नावाचं कोणी आमच्याकडे नाही."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या अर्धवट घासलेल्या भांड्यांकडे. आणि फोनची दोन बटणं एकदम दाबून त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे."