घावनासारखी बेली

रोह्याच्या चपलांच्या दुकानात फिजा दहा वर्षं बेली, म्हणजे सपाट तळाच्या बायकांच्या बंद चपला, विकत होती. बेलीची घावनासारखी घडी घालून गिऱ्हाइकाला म्हणायची, "बघा, किती मऊ हाय." स्वतः तसलीच घालून दिवसभर उभी राहायची आणि सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ आली की वयाला बोल लावायची. वय चौतीस.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायातली बेली तश्शीच दुमडली. "पायाच्या कमानीला आधार नाही, म्हणून तळव्याचा जाड पट्टा टाचेपाशी ताणला जातो. बोटांपाशीच वाकणारी, टाच घट्ट धरणारी, आत कमानीला उठाव असलेली घ्या."

फिजाने दुकानातल्या सगळ्या बेली दुमडून पाहिल्या. लाल, फुलवाली एकच मधे वाकेना, बोटांपाशीच वाकली. ती तिनेच, कडक म्हणून, खराब मालाच्या खोक्यात टाकली होती.